पॅलेटायझिंग रोबोटचे ‘डिग्री ऑफ फ्रीडम’

प्रश्न : कोटेशनमध्ये एकाने ‘चार डिग्री ऑफ फ्रीडम’ लिहिलंय, दुसऱ्याने सहा. डिग्री म्हणजे कोन का? आणि सहावाला घेतला तर बरं ना? आमचे खोके १५ किलोचे आहेत.

कोनाशी इथे संबंध नाही. वस्तू किती स्वतंत्र प्रकारे हलवता येते, त्याची ही मोजणी आहे. हवेत धरलेला खोका पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकतो. शिवाय तीन दिशांच्या अक्षांभोवती फिरतो. झाले सहा. म्हणूनच सात अक्षांचा, म्हणजे मोटरीने फिरणाऱ्या सात सांध्यांचा हात घेतला तरी खोक्याच्या हालचाली सहाच राहतात. सातव्या अक्षामुळे फक्त अडथळा चुकवून पोचायला जास्त वाटा मिळतात.

पॅलेटवर खोका सपाटच ठेवायचा असतो. त्याला सरकायच्या तीन दिशा लागतात, आणि थरातली मांडणी बदलताना उभ्या अक्षाभोवती फिरणं. चार पुरले. पॅलेटायझिंगच्या बहुतेक चार अक्षी रोबोटांत हाताला समांतर जोडदांडे असतात. हात कसाही वाकला तरी मनगट आडवंच राहतं. तिरकं करणाऱ्या मोटरी मनगटात नसल्याने वजन उचलायला हा हात सोयीचा पडतो. खोका आडवा पाडून ठेवायचा असेल किंवा उतरत्या कन्व्हेयरवरून तिरका उचलायचा असेल, तरच मी सहा अक्ष मागेन.

पेलोड म्हणजे हाताला पेलायचं एकूण वजन, नुसता खोका नव्हे. दोन खोके एकदम उचलायचे तर ३० किलो, व्हॅक्यूम ग्रिपर समजा ४०, नळ्या आणि ब्रॅकेट ५, म्हणजे ७५. एबीबीच्या आयआरबी ४६० चा पेलोड ११० किलो आणि रीच, म्हणजे हाताची पोच, २.४ मीटर आहे, त्यात हे बसतं. पण वजनाचा मध्य फ्लँजपासून, म्हणजे मनगटावर ग्रिपर बसतो त्या चकतीपासून, किती लांब पडतो ते लोड डायग्रामवर बघाच. वजन आकड्यात बसूनही भार बाहेर लोंबत असेल, तर थांबताना हात डुलतो, खोका वाकडा बसतो आणि मोटर ओव्हरलोडचे अलार्म येऊ लागतात.

रीचचं गणित कागदावर करा. १२०० × १००० चं पॅलेट रोबोटच्या मध्यापासून ९०० मिमीवर लांबीने ठेवलं, तर पलीकडची कड २१०० वर येते. ४०० × ३०० च्या खोक्यांची जोडी तिथल्या कोपऱ्यात ठेवताना तिचा मध्य १९०० पुढे आणि २०० बाजूला, म्हणजे सरळ अंतर सुमारे १९१० मिमी. २.४ मीटरमध्ये आरामात बसतं, असं वाटतं. पण तो आकडा हात सर्वांत लांब पोचतो त्या उंचीवरचा असतो. रचलेला माल पॅलेटसकट १६५० असेल, त्यावर ३५० चा ग्रिपर आणि वरून उतरायला १५०, म्हणजे फ्लँज २१५० वर जायला हवी. एवढ्या उंचीवर हात आडवा कमी पोचतो. म्हणून पुरवठादाराकडून कार्यक्षेत्राचा बाजूने काढलेला नकाशा घ्या, आणि रोबोटच्या बैठकीची उंची धरून त्यावर १९१० आणि २१५० चा बिंदू मांडा. तो रेषेबाहेर गेला, तर आधी बैठक उंचावून बघा. मग मात्र सर्वांत खालच्या थराचा बिंदूही पुन्हा तपासावा लागेल.