तयार चित्राला पैठणीसारखी चौकट: मापं, काठ, पदर आणि छपाई

प्रश्न: मावशी पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. तिच्यासाठी पैठणच्या नागघाटाचं संध्याकाळचं चित्र Krita मध्ये काढून पूर्ण केलंय (उभं, A3, 300 dpi, सपाट रंग, गडद बाह्यरेषा). 12×18 इंची फ्रेममध्ये द्यायचंय. भोवती पैठणीसारखी किनार लावून पाहिली, पण ती वरून चिकटवल्यासारखी दिसते आणि कोपऱ्यात नक्षी तुटते. काय करू?

उत्तर:

कोपऱ्यात नक्षी तुटते, कारण तुम्ही चारही बाजूंना एकच किनार फिरवताय. पैठणीत काठ असा फिरत नाही. दोन्ही काठ साडीच्या लांबीभर सरळ जातात आणि पदर त्या दोघांच्या मधे बसतो, त्यामुळे नक्षी कुठेच वळवावी लागत नाही. चित्रातही तेच करा. डावी-उजवीकडे काठ, खाली रुंद पदर आणि वर नुसत्या जरीच्या रेघा. कोपऱ्याचा प्रश्नच उरत नाही.

ही मांडणी तुमच्या मापांनाही सोयीची आहे. A3 ची उंची रुंदीच्या 1.41 पट असते आणि 12×18 ची दीडपट. चारही बाजूंना सारखी पट्टी ठेवायची तर आतली जागा आणखी उंच आणि चिंचोळी होते. म्हणजे एक इंचाची पट्टी घेतली तर आत 10×16 उरतं, आणि त्यात A3 चित्र बसवायचं तर बाजूने कापावं लागतं. घाटाच्या पायऱ्या कापण्यापेक्षा उंचीत उरणारी जागा पदराला दिलेली बरी.

आता आकडे. 12×18 इंच, 300 dpi म्हणजे 3600×5400 पिक्सेल. दोन्ही बाजूंना 300-300 सोडले की चित्राला 3000 रुंदी मिळते. तुमचं 3508×4961 चं चित्र त्या रुंदीला 3000×4243 होतं. वर 300 सोडले की खाली 857 पिक्सेल राहतात, साधारण सव्वासात सेंटीमीटर. तो पदर.

Krita मध्ये आधी मूळ फाइलची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. सगळे थर एकत्र करून Image > Scale Image To New Size… मध्ये 3000×4243 द्या. मग Image > Resize Canvas… मध्ये 3600×5400 देऊन X आणि Y दोन्ही ऑफसेट 300 ठेवा. क्रम हाच ठेवा. चित्र लहान होताना त्याच्या रेषाही बारीक होतात आणि सात पिक्सेलची बाह्यरेषा सहाची होते. काठ आधी काढून चित्र नंतर लहान केलं तर काठाच्या रेषा चित्रापेक्षा जाड राहतात. किनार चिकटवल्यासारखी दिसण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

बाजूच्या 300 पिक्सेलची वाटणी बाहेरून आत अशी करा: 100 पिक्सेल कोरी जमीन, 12 ची जरीची रेघ, 150 ची नक्षी, पुन्हा 12 ची रेघ आणि चित्राला लागून 26 ची कोरी गडद पट्टी. बाहेरची कोरी जागा वाया जातेय असं वाटेल, पण ती सगळ्यात गरजेची आहे. फ्रेमच्या पट्टीला आतून खाच असते आणि ती छपाईचा साधारण 5-6 मिलिमीटर भाग झाकते. 6 मिलिमीटर म्हणजे 71 पिक्सेल. नक्षी कडेपर्यंत नेली तर ती पट्टीखाली जाते, आणि कागद मिलिमीटरभर जरी सरकून बसला तरी एका बाजूला अख्खी कोयरी आणि दुसऱ्या बाजूला अर्धी दिसते. कोऱ्या जमिनीत तोच फरक डोळ्याला कळत नाही. फ्रेमवाल्याकडे जाऊन त्याच्या पट्टीची खाच आधीच मोजून घ्या. खोल खाचेची पट्टी असेल तर 100 चे 130 करा आणि नक्षी तेवढी अरुंद करा.

काठासाठी मी नारळी घेईन, म्हणजे त्रिकोणी शिखरांची ओळ, बूड बाहेर आणि टोक चित्राकडे. मुनिया, म्हणजे छोट्या पोपटांचा काठही सुंदर असतो, पण 150 पिक्सेल म्हणजे जेमतेम सव्वा सेंटीमीटर. तेवढ्यात पोपटाची चोच आणि डोळा छपाईत भरून जातात.

एक शिखर 150 रुंद आणि 200 उंच काढा. वर आणि खाली प्रत्येकी 100 ची कोरी जमीन आणि 12 ची बाहेरची रेघ सोडली तर काठाला 5176 पिक्सेल उंची मिळते. 26 शिखरांचे 5200 होतात, 24 जास्त. इथे शेवटचं शिखर दाबून बसवायचा मोह टाळा, ते एकटं बुटकं दिसतं आणि नजर तिथेच अडकते. 26 शिखरांची पट्टी एका थरात पूर्ण करा आणि सगळी एकदम 5176 ला आणा. अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो, तो कुणालाच दिसत नाही. मग त्या थराची प्रत करून Layer > Transform > Mirror Layer Horizontally ने उलटवा आणि उजव्या कडेला बसवून उजवा काठ तयार करा. शिखरांची टोकं दोन्हीकडून आत यायला हवीत.

एकच शिखर 26 वेळा चिकटवू नका. तुमचं चित्र हाताने काढलेलं आहे, त्याच्या रेषा कुठे जाड तर कुठे बारीक आहेत. शेजारी यंत्रासारखी तंतोतंत ओळ आली की ती परकी वाटते. घाटासाठी वापरलेल्या ब्रशनेच तीन-चार शिखरं वेगवेगळी काढा आणि ती आलटून पालटून लावा. खऱ्या पैठणीत नक्षीची कड पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, कारण वेगवेगळ्या रंगांचे आडवे धागे एकमेकांत अडकवून ती विणलेली असते. तुमच्या चित्रात कडा ठळक आणि रंग सपाट आहेत, त्यामुळे शिखराच्या तिरक्या बाजूंना चार-पाच ढोबळ पायऱ्या दिल्या तर शोभतील, आणि घाटाच्या पायऱ्यांशी त्यांचं नातंही जुळेल. जलरंगासारखं ओघळतं चित्र असतं तर पायऱ्या टाळून गोलाईच ठेवायला सांगितलं असतं.

पदराच्या 857 ची वाटणी वरून खाली: 26 कोरे, 12 ची रेघ, 480 ची बुट्ट्यांची ओळ, 12 ची रेघ, 215 ची मजकुराची जागा, 12 ची बाहेरची रेघ आणि शेवटी 100 कोरे. पाच बुट्टे घ्या, प्रत्येकाला 600 रुंदी. विषम संख्या असली की एक बुट्टा बरोबर मधोमध येतो. असावलीसारखी वेल आणि फूल इथे चांगलं बसेल. मजकूर एकाच ओळीत, मावशींचं नाव आणि वर्ष, एवढाच पुरे. अक्षरं 70-80 पिक्सेल उंच ठेवा, म्हणजे सहा-सात मिलिमीटर. ओळ त्याच पट्टीत किंचित वरच्या बाजूला बसवा, नाहीतर फ्रेमची खाच तिला टेकल्यासारखी दिसते.

रंग तुमच्या चित्रातूनच उचला. जमिनीसाठी घाटाच्या सावलीतला सगळ्यात गडद जांभळट किंवा वांगी रंग, जरीसाठी नदीवरच्या उन्हाचा गेरूकडे झुकणारा पिवळा. साध्या शाईने खरं सोनं छापलं जात नाही, आणि चकचकीत पिवळा दिला तर छापून हळदी दिसतो. म्हणून जरीला तीन छटा द्या: मधली गेरू, एका बाजूला गडद तपकिरी, दुसऱ्या बाजूला फिकट ठिपके. उजेड चित्रात ज्या बाजूने येतो त्याच बाजूला फिकट छटा ठेवा. खऱ्या पदराची जमीनच जरीची असते, पण ते इथे करू नका. खाली सात सेंटीमीटरचा पिवळा पट्टा आला तर मावळतीचं ऊन फिकं पडेल. जमीन गडद, बुट्टे जरीचे आणि पानांना थोडा हिरवा, एवढंच ठेवा. किनारीखाली सावली टाकणारा इफेक्टही नको, त्याने कागद फ्रेमच्या आत तरंगल्यासारखा वाटतो.

झाल्यावर चित्र पडद्यावर काडेपेटीएवढं करून पाहा. नजर आधी काठाकडे गेली तर जरीची फिकट छटा मंद करा. मग कृष्णधवल करून पाहा. काठाची जमीन आणि चित्राची कड एकाच करड्या रंगाची झाली तर दोन्ही एकमेकांत मिसळताहेत, तेव्हा आतली 26 ची पट्टी आणखी गडद करा.

छपाई 12×18 च्या कागदावर नको. डिजिटल यंत्र कागदाच्या कडेला काही मिलिमीटर कोरे सोडतं. 13×19 वर छापून कापून मागा. त्यासाठी शेवटी Resize Canvas मध्ये 3670×5470 करा, दोन्ही ऑफसेट 35 ठेवा, आणि वाढलेल्या कडेत जमिनीचाच रंग भरा. हे चारही बाजूंचे 3 मिलिमीटर कटिंगसाठी. दुकानदाराला ‘फिट टू पेज न करता 100 टक्क्यांवर’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर सगळी मोजणी वाया जाते.

त्याआधी खालचा डावा कोपरा A4 वर, त्याच कागदावर आणि 100 टक्क्यांवर छापून घ्या. गडद वांगी जमीन छपाईत पडद्यापेक्षा काळी येते आणि तिच्यावरच्या 3-4 पिक्सेलच्या रेषा बुजतात. तसं दिसलं तर जमीन थोडी उजळ करा, रेषा 6 च्या खाली ठेवू नका. कागद मॅट घ्या. वर चकचकीत लॅमिनेशन नको, काचेखाली दोनदा चमक येते.

फ्रेमवाल्याकडे माउंट लावू नका. पदर-काठ हेच तुमचं माउंट आहे, वर आणखी एक पट्टी आली की चित्र आत दबतं. पण माउंट नसल्यावर काच थेट कागदाला टेकते आणि दमट दिवसांत शाई काचेला चिकटू शकते. म्हणून काच आणि कागद यांच्यामध्ये कडेला, खाचेखाली लपेल अशी बारीक पट्टी घालायला सांगा. बाहेरची फ्रेम साधी, अरुंद, सागवानी किंवा काळी घ्या. सोनेरी नक्षीची घेतली तर तुमची नारळी तिच्याशी झुंजत बसेल.