सात रात्री सारख्या लिहू नकोस

अगं, कथा वाचली. नेरुळचं हॉस्टेल, चिपळूणहून आलेली मुलगी, आठवडाभर झोप नाही. विषय चांगला आहे, पण तू सातही रात्री सारख्याच लांबीने लिहिल्यास. तिसऱ्या रात्रीपर्यंत वाचकालाच पेंग येते!

पहिली रात्र दोन ओळींत उरक. नव्या जागी मेंदूचा एक भाग जरा जागाच राहतो, बारीक आवाजानेही दचकायला होतं. ते कुणालाही होतं, त्यात तुझी नायिका दिसत नाही. ती दिसेल चौथ्या-पाचव्या रात्री, जागा सवयीची झाल्यावरही झोप येत नाही तेव्हा. तीच एक रात्र धर.

'तिला घराची आठवण येत होती' हे वाक्य चार वेळा आलंय. चारही काढ. त्याऐवजी पंख्याची टकटक ऐकव. शेवटची लोकल गेल्यावर स्टेशनकडचा आवाज थांबतो आणि ती कान देऊन कशाची तरी वाट बघत राहते. कशाची? पहाटे पहिली लोकल धडधडते तेव्हा तिच्या लक्षात येतं, की घरी आजी रात्री दोनदा खोकायची, माजघरातला दिवा लागायचा, मग ही कूस बदलून झोपायची. इथे कुणी खोकतच नाही.

आईच्या फोनने गाढ झोप लागते, तो शेवट मात्र खोटा वाटतो. त्यापेक्षा शेजारच्या कॉटवरची मुलगी झोपेत खोकू दे, आणि तिथेच थांब.