वर्गीकरणाच्या पानांच्या फोटोंवरून उतरती मांडणी

प्रश्न: जीवशास्त्राच्या पुस्तकातल्या वर्गीकरणाच्या पानांचे फोटो आहेत. मजकूर काढला की सगळ्या ओळी एका रेषेत येतात. सृष्टीपासून जातीपर्यंत, उदाहरणांसह, पायरीपायरीने आत सरकणारी यादी कशी करावी?

उत्तर:

ओळ किती आत घ्यायची हे फोटोतल्या जागेवरून न ठरवता स्तरावरून ठरवावे, कारण पान किंचित तिरके टिपले गेले तरी डावा समास ओळीगणिक सरकतो. सृष्टीला शून्य आणि पुढच्या प्रत्येक स्तराला दोन जागा अधिक, असा हिशेब धरला की जातीची ओळ बारा जागा आत येते. पान दोन रकान्यांचे असेल, तर मजकूर काढण्यापूर्वी प्रत्येक रकाना वेगळा कापून घ्यावा.

```
सृष्टी: ॲनिमॅलिया
  संघ: कॉर्डाटा
    वर्ग: मॅमेलिया (उदा. देवमासा, वटवाघूळ)
      गण: कार्निव्होरा
        कुल: फेलिडी
          प्रजाती: पँथेरा
            जाती: पँथेरा टायग्रिस (उदा. वाघ)
            जाती: पँथेरा लिओ (उदा. सिंह)
        कुल: कॅनिडी
          प्रजाती: कॅनिस
            जाती: कॅनिस ल्युपस (उदा. लांडगा)
```

येथे कॅनिडी हे कुल दुसऱ्या फोटोच्या पहिल्याच ओळीत आहे आणि त्याच्या वर गणाचे नाव नाही, असे समजा. ती ओळ स्वतंत्र शीर्षक मानली, तर कुत्र्याचे कुल कोणत्याही गणाविना लोंबकळत राहते. म्हणून आधीच्या पानावरचा शेवटचा गण तिच्यासाठी चालू धरावा. त्याचप्रमाणे पुस्तकात ‘पँ. लिओ’ असे संक्षिप्त छापले असेल, तर प्रजातीचे नाव पूर्ण लिहावे, कारण ओळ पुढे कधी दुसरीकडे हलवली की ‘पँ.’ कोणाचा हे कळत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा उदाहरणांचा होतो. देवमासा आणि वटवाघूळ ही उदाहरणे पुस्तकाने वर्गाच्या पातळीवर दिलेली असतील, तर ती वर्गाच्याच ओळीत ठेवावीत. यादीच्या तळाशी ढकलल्यास देवमासा लांडग्याचा सख्खा भाऊ ठरतो. त्यांचे गण आणि कुल छापलेले नसताना आपण ते भरू नयेत. एखादा स्तर पानावर नसेल, तर त्याची पायरी रिकामी सोडावी, पण खालच्या ओळी वर ओढू नयेत. उलट वर्टेब्राटासारखा उपसंघ आला, तर त्याला संघापेक्षा एकच जागा आत घ्यावे, म्हणजे मुख्य सात पायऱ्यांना धक्का लागत नाही. वनस्पतींमध्ये संघाऐवजी ‘विभाग’ असतो. त्याची पायरी तीच.

फोटोत स्तराचे नाव पुसट असेल, तर शेवटचा प्रत्यय उपयोगी पडतो: प्राण्यांच्या कुलाचे नाव ‘इडी’ने आणि वनस्पतींच्या कुलाचे ‘एसी’ने संपते, तर वनस्पतींचा गण ‘एलीस’ने संपतो. त्यामुळे पोएसी हे कुल आणि पोएलीस हा गण, हे शीर्षक न वाचताही ठरते. मांडणी झाल्यावर ‘कुल:’ हा शब्द शोधून पाहावा; त्याची प्रत्येक ओळ आठ जागांवरच सुरू व्हायला हवी, आणि एखादी सहा किंवा दहावर दिसली तर तिच्या लगतच्या ओळी मूळ फोटोशी पुन्हा ताडून पाहाव्यात.