आमच्या दवाखान्यात आम्ही तीनच डॉक्टर आहोत. शनिवार-रविवारची ड्युटी तिघांनाही न्याय्य वाटेल अशी कशी लावावी?

शनिवार-रविवार दोघांत वाटू नका, अख्खा वीकेंड एकाकडे द्या. शनिवार एकाने आणि रविवार दुसऱ्याने केला तर वरवर समान वाटतं, पण हिशेब करून बघा. तीन आठवड्यांत प्रत्येकाचे दोनच दिवस भरतात, दोन्ही पद्धतींत. मात्र वाटून घेतल्यावर पूर्ण मोकळा वीकेंड तिनात एकच मिळतो. एकाने सलग केला तर दोन मिळतात. घरच्यांसाठी खरा फरक इथे पडतो.

क्रम अ, ब, क, पुन्हा अ, ब, क असा चालू ठेवा. नवा महिना किंवा नवं वर्ष लागलं म्हणून तो परत अ पासून सुरू करू नका. ५२ आठवड्यांत १७ फेऱ्या होऊन एक आठवडा उरतो, म्हणून क्रम न तोडल्यास यंदा ज्या वीकेंडला अ होता, तिथे पुढच्या वर्षी आपोआप ब येतो. सोमवारी सुट्टी जोडून आली की तो दिवसही त्याच डॉक्टरकडे द्या, पण अशा जादा दिवसांची नोंद वेगळी ठेवा.

सोमवार ते शुक्रवार तिघेही येत असाल, तर वीकेंडवाल्याचे सलग बारा दिवस काम होतं. हे कोणालाच झेपत नाही. त्याला वीकेंडच्या आधीचा शुक्रवार आणि नंतरचा मंगळवार सुट्टी द्या. सोमवारी गर्दी असते, म्हणून सोमवार देऊ नये. असं केलं की शुक्रवारी आणि मंगळवारी दोघे असतात, बाकी दिवस तिघे.

चार्ट बिघडतो तो अदलाबदलीत. माझा नियम एकच: आपल्या लगतच्या वीकेंडशीच अदलाबदल करायची. समजा चौथा वीकेंड अ चा आहे आणि त्याने ब चा पाचवा घेतला. मग अ ला १, ५, ७ येतात आणि ब ला २, ४, ८. दोघांनाही मधे किमान एक वीकेंड मोकळा राहतो. पण अ ने क चा सहावा घेतला तर अ ला सहावा-सातवा आणि क ला तिसरा-चौथा असे लागोपाठ दोन वीकेंड येतात. तेव्हा हौसेने 'हो' म्हणणारा क पुढे कुरकुर करतो, आणि ते रास्तच आहे.

लांब रजाही यातच बसते. अ ला चौथा, पाचवा आणि सहावा वीकेंड बाहेर जायचं असेल, तर त्याने जाण्याआधी क चा तिसरा करायचा, क ने चौथा. आल्यावर सातवा त्याचाच. मात्र रजा तिसऱ्या ते पाचव्या वीकेंडपर्यंत असेल, तर लगतचे दोन्ही वीकेंड रजेतच जातात आणि एकाच अदलाबदलीत भागवायचं म्हटलं तर कोणावर तरी लागोपाठ ड्युटी पडतेच. म्हणून रजेचे अर्ज चार्ट समोर ठेवून, आधी बोलूनच करा.