लग्नाच्या जुन्या कॅसेटच्या कडा कधी आणि किती कापायच्या?

आमच्या लग्नाची १९९४ची व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेतली. तळाशी वळवळणारी पट्टी आणि बाजूंना काळे दिसते. टीव्हीवर हे कधी दिसले नव्हते. टेप खराब झाली का? (वाचक, नौपाडा, ठाणे)

टेप ठीक आहे. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवरची हेड आळीपाळीने टेप वाचतात. एक हेड थांबून दुसरे सुरू होते ती वेळ चित्राच्या अगदी तळाशी येते, आणि तिथल्या ओळी विस्कटतात. जुने पिक्चर ट्यूबवाले टीव्ही चित्र पडद्यापेक्षा थोडे मोठे दाखवत, त्यामुळे ही पट्टी चौकटीआड जात असे. बाजूचे थोडे काळे तर ठरलेलेच असते, कारण ७२० पिक्सेलच्या फाइलमध्ये पाल पद्धतीचे चित्र सुमारे ७०२ पिक्सेलच व्यापते.

मी आधी अपस्केल केले, मग कडा कापल्या. तरी काठाला उजळ रेघ उरली. (वाचक, ऐरोली)

क्रम उलटा झाला. शार्पनिंग आणि अपस्केलिंग करताना प्रत्येक पिक्सेलसाठी शेजारचे पिक्सेलही पाहिले जातात. काळ्या पट्टीवरून चित्रात होणारी उडी सॉफ्टवेअरला एखाद्या वस्तूची कडा वाटते, ते ती ठळक करते आणि तिची झळाळी चित्राच्या आत उतरते. नंतर फक्त काळे कापले की ती आतच राहते. तळाची विस्कटलेली पट्टीही अशीच बारकावा समजून गिरवली जाते.

म्हणून आधी डीइंटरलेस, म्हणजे चौकटीत एकआड एक ओळींनी गुंफलेली दोन फील्ड सुटी करणे, मग क्रॉप, त्यानंतर नॉइज काढणे आणि शेवटी अपस्केल. डीइंटरलेस न करता वरून विषम संख्येने ओळी कापल्या, तर फील्डचा क्रम उलटतो आणि हालचाल मागेपुढे थरथरते.

ffmpegचे cropdetect फिल्टर कडा किती कापायच्या याचे दर वेळी वेगळे आकडे देते. शिवाय कापून १९२०×१०८० केल्यावर माणसे जाड दिसतात. (वाचक, नेरूळ)

हे फिल्टर फक्त काळे शोधते. रात्रीच्या वरातीतला अंधार त्याला कडा वाटतो, आणि तळाची पट्टी उजळ असल्याने ती त्याच्या हाती लागतच नाही. माझ्या मते इथे डोळ्यांवरच विसंबावे. सुरुवात, मध्य आणि शेवट इथले उजेडातले प्रसंग थांबवून पाहा आणि प्रत्येक बाजूला दिसलेली सर्वांत रुंद पट्टी धरा. आकडे सम ठेवा.

समजा डावीकडे १०, उजवीकडे १४, वर २ आणि खाली १० निघाले. ७२०×५७६ मधून उरते ६९६×५६४:

```
ffmpeg -i lagna.avi -vf "bwdif=mode=send_field,crop=696:564:10:2,setsar=12/11" -c:v ffv1 -c:a copy lagna2.mkv
```

जाडेपणा येतो तो चित्र रुंद पडद्याभर ताणल्यामुळे. पालचा पिक्सेल चौरस नसतो, त्याची रुंदी उंचीच्या १२/११ पट असते. म्हणजे ६९६ची खरी रुंदी सुमारे ७५९. उंची ५६४ची १०८० केली की रुंदी १४५४ हवी. पूर्ण पडदा भरायचाच असेल, तर अपस्केल झाल्यावर दोन्ही बाजूंना २३३ पिक्सेल काळे जोडा, आधी नको.