बिलांवरून जोडीने खपणारा माल कसा ओळखायचा?

प्रश्न: कोल्हापुरात सुपरमार्केट आहे. कोणता माल जोडीने खपतो हे बिलांवरून दर महिन्याला कसं काढू?

उत्तर: दोन वस्तू एकत्र आलेली बिलं नुसती मोजू नका, योगायोगाने जितकी आली असती त्याच्या किती पट आहेत ते काढा, याला ‘लिफ्ट’ म्हणतात. समजा, महिन्याची बिलं 10,000. फरसाण 800 बिलांत, मटकी 500 बिलांत आणि दोन्ही मिळून 200 बिलांत. योगायोगाने 800 × 500 ÷ 10,000, म्हणजे 40च बिलं आली असती. लिफ्ट 5: मिसळीचा बेत स्पष्ट दिसतो, रॅक शेजारी ठेवा. साखर मात्र 4,000 बिलांत असेल, तर फरसाणासोबतची 320 बिलं निव्वळ योगायोगाचीच. फक्त पाच-दहा बिलांवर आलेल्या मोठ्या लिफ्टवर विसंबू नका. पुढच्या महिन्यातही ती टिकली तरच रॅक हलवा.