जुलैत नऊ हजार भरले, तरी ऑक्टोबरच्या मेंटेनन्स बिलावर १८,९७८ रुपये कसे?

प्रश्न: आमच्या सोसायटीचं तिमाही बिल ९,००० रुपयांचं असतं. एप्रिल-जूनचं बिल भरायचं राहून गेलं. २० जुलैला मी ९,००० ऑनलाइन भरले. आता ऑक्टोबरच्या बिलात चालू ९,०००, मागील थकबाकी ९,३१६ आणि व्याज ६६२ असे मिळून १८,९७८ दाखवलेत. बिल चुकलंय का? शिवाय दर बिलात सिंकिंग फंडाचे ७५० असतात, ते कसले?

उत्तर:

थकबाकी बरोबर आहे, व्याज चुकलंय. ६६२ ऐवजी ४३३ हवे होते. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकार खात्याने सोसायट्यांसाठी ठरवलेल्या नमुना नियमांप्रमाणे चालणारी सोसायटी, व्याजाचा दर वर्षाला २१ टक्के आणि बिल भरायची शेवटची तारीख तिमाहीच्या पहिल्या महिन्याची अखेर, असं धरून मी हिशेब केला आहे. २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे. सर्वसाधारण सभेने कमी दर ठरवला असेल तर तोच लागतो, म्हणून आधी तो ठराव मागून बघा.

सगळं आकलन एका गोष्टीवर उभं आहे: हे व्याज सरळव्याज आहे. ते फक्त मुद्दलावर लागतं, मागच्या व्याजावर लागत नाही. आणि ते बिलाची मुदत संपल्यानंतर सुरू होतं, बिल निघाल्याच्या तारखेपासून नाही.

तर एप्रिलपासून येऊ. एप्रिल-जूनच्या ९,००० ची मुदत ३० एप्रिलला संपली. १ मे ते ३० जून हे ६१ दिवस झाले. एक्सेलमध्ये हे असं घालायचं:

```
=ROUND(9000*21%*61/365,0)
```

उत्तर ३१६ येतं. म्हणजे १ जुलैच्या बिलावर चालू ९,०००, मागील मुद्दल ९,००० आणि व्याज ३१६, एकूण १८,३१६ असायला हवे होते. तुम्ही त्यातले ९,००० भरलेत. तुमच्या मनात ते जुलैच्या बिलाचे होते, पण सोसायटीच्या खात्यात रक्कम सहसा आधी व्याजात आणि मग सगळ्यात जुन्या बिलात वळती होते. ९,००० मधून ३१६ व्याज गेलं, उरलेले ८,६८४ एप्रिलच्या बिलाला लागले. एप्रिलचे ३१६ रुपये मुद्दल शिल्लक राहिले आणि जुलैचं बिल पूर्णच्या पूर्ण थकलं. ३१६ अधिक ९,००० म्हणजे ९,३१६. तुमच्या बिलातला थकबाकीचा आकडा हाच. तो बघून लोक कमिटीवर धावून जातात, पण तिथे काही चूक नाही. दोन तिमाह्यांची दोन बिलं आली आणि पैसे एकाचेच गेले, एवढाच त्याचा अर्थ.

आता जुलै ते सप्टेंबरचं व्याज. २० जुलैपर्यंत जुनं ९,००० मुद्दल उभं होतं, त्याचे २० दिवसांचे १०४ रुपये. २१ ते ३१ जुलै फक्त ३१६ रुपये बाकी होते, त्याचे २ रुपये. ३१ जुलैला दुसऱ्या बिलाची मुदत संपली, म्हणून १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर असे ६१ दिवस ९,३१६ वर व्याज, ते ३२७ रुपये. तिन्ही मिळून ४३३. तुमचं बिल १८,७४९ चं असायला हवं होतं.

मग ६६२ आले कुठून? आकड्यांचा माग काढला तर असं दिसतं की २१ टक्क्यांना १२ ने भागून महिना पावणेदोन टक्के हा दर घेतला आणि दर महिन्याच्या सुरुवातीच्या एकूण बाकीवर तो लावला. जुलैच्या सुरुवातीला बाकी १८,३१६, त्यावर ३२१. मग तुमचे ९,००० वजा केले, ३२१ मिळवले, ९,६३७ झाले, त्यावर ऑगस्टचे १६९. ते मिळवून ९,८०६, त्यावर सप्टेंबरचे १७२. बेरीज ६६२.

यात दोन चुका आहेत आणि दोन्ही नेहमीच्या आहेत. पहिली मोठी: जुलैत ज्या १८,३१६ वर व्याज लावलं त्यातल्या ९,००० ची मुदत ३१ जुलैपर्यंत होती, ते थकलेलेच नव्हते. ३१६ तर व्याजच होतं. शिवाय तुम्ही २० तारखेला पैसे भरलेत हे हिशेबात आलंच नाही, पूर्ण महिना मोजला. जुलैचे खरे १०६ रुपये होतात, तिथे ३२१ लागले. दुसरी चूक चक्रवाढीची. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिचा फरक जेमतेम १४ रुपयांचा आहे, म्हणून कुणाच्या डोळ्यांत येत नाही. पण हेच ९,००० पाच वर्षं पडून राहिले तर सरळव्याज ९,४५० होतं आणि महिन्याच्या चक्रवाढीने सुमारे साडेसोळा हजार. बंद फ्लॅटवाल्यांची लाखांची थकबाकी फुगते ती बऱ्याचदा इथूनच.

ही चूक सहसा कुणाच्या बदमाशीने होत नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा खजिनदाराच्या शीटमध्ये मुद्दल थकबाकी आणि व्याज थकबाकी असे दोन वेगळे रकाने लागतात. ते एकच ठेवले की पुढच्या बिलाला मागचं व्याज आपोआप मुद्दल बनून येतं. ओळखायची खूण सोपी आहे: दोन सलग बिलं शेजारी ठेवा. मधल्या काळात काही भरलेलं नसेल तर नव्या बिलातली मुद्दल थकबाकी ही जुन्या बिलातली मुद्दल थकबाकी अधिक जुन्या बिलाची चालू रक्कम एवढीच असायला हवी. जास्त निघाली तर जास्तीचा आकडा जुन्या व्याजाशी ताडून बघा, बहुतेक वेळा तोच निघतो.

काही सोसायट्या व्याजाखेरीज शंभर-दोनशे रुपये विलंब शुल्कही लावतात. आदर्श उपविधींत आकारांची जी यादी आहे तिच्यात थकलेल्या रकमेवरचं व्याज आहे, असं वेगळं विलंब शुल्क नाही. तुमच्या बिलात ते दिसत नाही, बरंच आहे.

आता सिंकिंग फंड. इमारतीचं मोठं काम निघेल तेव्हा पैसा असावा म्हणून ही सक्तीची पुंजी. किमान दर वर्षाला पाव टक्का, आणि तो फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर. हा खर्च म्हणजे इमारत उभी राहिली तेव्हाचा, आर्किटेक्टने प्रमाणित केलेला, जमिनीची किंमत वगळून. तुमचे तिमाही ७५० म्हणजे वर्षाचे ३,०००, म्हणजे तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च १२ लाख धरलेला दिसतो. हे रास्त वाटतं. गफलत होते ती बाजारभाव धरल्यावर: ८० लाखांच्या फ्लॅटवर पाव टक्का म्हणजे वर्षाला २०,०००. तेव्हा कमिटीकडे आर्किटेक्टचा दाखला आहे का आणि दर किती ठरलाय, एवढं विचारा. सर्वसाधारण सभा पाव टक्क्याहून जास्त दर ठरवू शकते, कमी नाही.

बिलात त्याच्या शेजारी दुरुस्ती निधी असेल. त्याचा किमान दर पाऊण टक्का, म्हणजे त्याच १२ लाखांवर वर्षाला ९,००० आणि तिमाहीला २,२५०. रंगकाम, गळती, पाइप बदलणं ही नेहमीची कामं या निधीतून करायची. सिंकिंग फंडाला हात लावायचा तो पुनर्बांधणी, इमारत मजबूत करण्यासाठी लागणारे बदल किंवा आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या जड दुरुस्तीसाठीच, आणि त्यालाही सर्वसाधारण सभेचा ठराव आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांची आधी परवानगी लागते. फ्लॅट विकताना तो परत मिळत नाही, सोसायटीकडेच राहतो.

तो खरंच जमा होतोय का हे बिलावरून कळत नाही, ताळेबंदावरून कळतं. वार्षिक सभेच्या अहवालात देणी बाजूला सिंकिंग फंडाचा आकडा असतो, आणि मालमत्ता बाजूला त्याची गुंतवणूक, बहुतेक मुदत ठेवी. दोन्ही जवळपास जुळायला हवेत. एका बाजूला १८ लाख आणि ठेवी ६ लाख असतील तर १२ लाख रोजच्या खर्चात मुरलेत. सभेत विचारायचा प्रश्न हा आहे, ७५० रुपये कशाला हा नाही.

तुमच्या बिलाचं काय करायचं ते सांगतो. सचिवांना लेखी अर्ज देऊन १ एप्रिलपासूनचा तुमच्या खात्याचा उतारा मागा, तारीखवार. त्यात २० जुलैची जमा त्याच तारखेला दिसते का बघा. ऑनलाइन भरलेली रक्कम कधी कधी कुणाची ते न कळल्यामुळे सस्पेन्स खात्यात पडून राहते, आणि खजिनदाराने दोन महिन्यांनी ओळखली की ज्या दिवशी ओळखली ती तारीख पडते. व्याज मात्र बँकेत जमा झाल्याच्या तारखेला थांबायला हवं. ट्रान्सफरचा यूटीआर नंबर अर्जात लिहा, आणि पुढच्या वेळी पैसे पाठवताना शेऱ्यात फ्लॅट नंबर टाका.

वादाच्या २२९ रुपयांसाठी बाकीचे १८,७४९ अडवून ठेवू नका. ते ३१ ऑक्टोबरच्या आत भरा आणि सोबत वरचा हिशेब जोडून पत्र द्या, की फरकाच्या व्याजावर हरकत आहे, दुरुस्त बिल द्यावं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मेसेज पोच म्हणून चालत नाही. सगळंच रोखून धरलंत तर तीन महिन्यांनंतर थकबाकीदार म्हणून तुमचं नाव लागू शकतं आणि सोसायटी सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे जाऊ शकते. मुद्दल भरलेलं असेल तर भांडण २२९ रुपयांचंच राहतं, आणि ते बहुधा खजिनदाराच्या टेबलावर दहा मिनिटांत मिटतं. तिथे जाताना एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशी तिन्ही बिलं घेऊन जा.